केंवरादाईच्या कमेंट्स बंद आहेत

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. सासूच्या चॅनलवरच्या कमेंट्स मी माझ्या मर्जीने बंद केल्या नाहीत. आकडेही मी लपवले नाहीत. बोट माझं होतं, हुकूम तिचा. आमच्या परसाडीहमध्ये अजून निम्मे लोक मलाच बोल लावतात की या गोंदियाच्या सुनेने सोन्यासारख्या चॅनलचं वाटोळं केलं. लावू देत. इथे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून मी गोंदियाहिन. बरं झालं की वाईट, सगळं गोंदियाच्याच नावावर जमा होतं.

तर माझी सासू, केंवराबाई. सगळे तिला केंवरादाई म्हणतात; केंवरा म्हणजे केवडा, आणि दाई म्हणजे इकडे आई. वय साठीच्या पुढे, उंची माझ्या खांद्यापर्यंत, आणि आवाज असा की तळ्यावरच्या बायकांना कळतं आज आमच्याकडे काय शिजलं नाही ते. शाळेत गेली नाही, पण बोलायला कुणाला हार जाणार नाही. ती माणसांवर तेवढी ओरडत नाही. ती वस्तूंवर ओरडते. कुकर, पंखा, बादली, कोंबड्या, आणि तिची ती लाल शेळी. एकदा कुकरची शिट्टी होत नव्हती. ही त्याच्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "का रे, लग्नात रुसलेल्या जावयासारखा गप्प का बसलास? तुझ्या बापाने आंदण दिलाय का हा गॅस?" मी गंमत म्हणून मोबाइलवर घेतलं आणि रील टाकली. संध्याकाळपर्यंत ती कुठल्या कुठे गेली होती. भिलाई, दुर्ग, बिलासपूर, सगळीकडून लोक विचारायला लागले, शिट्टी झाली का?

आता आमचं गाव कसलं, ते समजून घ्या. इथे घराघरात व्हिडिओ करतात. कुणी नाचातली, म्हणजे इथल्या तमाशातली, सोंगं करतो, कुणी भुताच्या गोष्टी, कुणी नुसता ट्रॅक्टर धुतो. रस्त्यात भेटलं की "काय चाललंय" असं कुणी विचारत नाही, "किती गेले?" विचारतात. गेले म्हणजे व्ह्यूज. कुणाच्या बारशाला गेलात तर पुढच्या रांगेत कुणाला बसवायचं तेही त्यावरच ठरतं. आमचे सासरे बिचारे आयुष्यभर दारापाशी बसले, आणि कुकरनंतर एकदम वरच्या पंगतीत गेले. त्यांना तिथे जेवण जाईना. म्हणाले, वाढणारे फार पुढेपुढे करतात.

सगळं छान चाललं होतं. दाई ओरडायची, मी रील काढायची, रात्रीची भांडी झाली की मी तिला कमेंट्स वाचून दाखवायची. तिला वाचता येत नाही ना. "केंवरादाई एक नंबर." "केंवरादाई, आमच्या सासूला पाठवू का तुमच्याकडे शिकायला?" "केंवरा केंवरा केंवरा", नुसतं एवढंच, पुढे हसणारी तोंडं. ती पाय पसरून ऐकायची आणि म्हणायची, "वाच, वाच, अजून वाच." मला काय, माझीच कलाकारी. कॅमेरा कुठे धरायचा ते मी ठरवत होते.

मग एक दिवस तो आला. शेर-ए-शिवनाथ.

शिवनाथ ही इथली नदी. नाव असलं, फोटोत वाघ. त्याची स्वतःची एक रील नाही, त्याच्या मागे एक माणूस नाही, आणि तो जगात फक्त आमच्या मागे. कढीच्या रीलवरची त्याची पहिलीच कमेंट मी मोठ्याने वाचली: "सीताराम. ही कढी आहे की भिंतीला लावायचा चुना? मीठ तर समुद्रासारखं पडलंय."

मी हसले. म्हटलं, आला एक टवाळ. दाई हसली नाही.

दुसऱ्या दिवशी: "सीताराम. लाल शेळीवाल्या बाईला एवढा माज कशाचा? शेळी तिच्यापेक्षा गुणी दिसते."

तिसऱ्या रीलवर: "सीताराम. जे लोक हिची वाहवा करतात त्यांना घरी आया नाहीत का? उगाच तोंड उघडून परक्या बाईचं नाव घेत बसतात."

आणि हा गडी नुसता आम्हालाच बोलून थांबायचा नाही. खाली कुणी "केंवरादाई मस्त" लिहिलं की त्यालाही जाऊन उत्तर द्यायचा. "सीताराम. तू कोण रे तिला नावाने हाक मारणारा?" माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "दाई, याला ब्लॉक करते. कायमचा. परत दिसायचा नाही."

दाईने माझा हात धरला.

"ब्लॉक?" ती म्हणाली. "भोजलीला?"

मला क्षणभर कळेना. मग असं कळलं की मी फोन खाली ठेवला.

भोजली म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगावं लागत नाही, तुम्हाला दोन शब्दांत सांगते. श्रावणात मुली टोपलीत गहू रुजत घालतात, अंधारात ठेवतात, हळदीचं पाणी घालतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब तळ्यावर नेऊन पाण्यात सोडतात. त्यातले चार कोंब जिच्या कानावर खोचले, ती तुमची भोजली. सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची. मग जन्मभर तिच्याशी भांडायचं नाही. तिचं नाव घ्यायचं नाही, "भोजली" म्हणूनच हाक मारायची. आणि भेटली की कितीही घाईत असा, पहिल्यांदा "सीताराम भोजली" म्हणायचं, मग बाकीचं बोलायचं. दोघींना न्हाणही आलं नव्हतं तेव्हा आमच्या दाईने कोंब खोचले रमशीलाबाईंच्या कानावर. रमशीलाबाई राहतात तळ्याकडच्या आळीत. मी त्यांना भोजलीदाई म्हणते. आता दोघींना नातवंडं आहेत.

"भोजलीदाई असलं कसं लिहितील?" मी म्हटलं. "त्या इतक्या सोज्वळ."

"वाच परत. माझं नाव कुठे आहे त्यात?"

मी वाचलं. लाल शेळीवाली, ही बाई, परकी बाई. सगळ्या जगाने केंवरा केंवरा लिहिलंय, आणि या एका वाघाने एकदाही नाही.

"आणि शिवी द्यायच्या आधी सीताराम कोण म्हणतं गं?" दाई म्हणाली. "दुश्मन म्हणतो? ती फोनच्या माइकमध्ये बोलते, तो लिहितो. माझ्याशी बोलायचं म्हटल्यावर तोंडातून पहिलं सीतारामच येणार तिच्या. एवढी वर्षं झाली. तिला कळलंसुद्धा नसेल."

मला हसू फुटलं, पण दाईचं तोंड बघून मी ते गिळलं. कारण गोष्ट हसण्यासारखी राहिली नव्हती. भोजलीदाईंचंही चॅनल आहे. इस्त्रीची साडी नेसतात, देवाच्या फोटोसमोर बसून भोजलीची गाणी म्हणतात, एकदा बेसनाची ठेठरी कशी तळायची तेही दाखवलं. बघणारे किती? त्यांच्या घरचे आणि आम्ही. त्यात आमच्या दाईच्या चाहत्यांनी तिथे जाऊन शहाणपणा केला होता: "मावशी, जरा केंवरादाईकडून शिका, झोप येते तुमचं बघून." ते मी दाईला वाचून दाखवलं नव्हतं. आता दाखवलं. ती बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली.

"या वर्षी ती भोजलीच्या दिवशी माझ्याकडे येणार नाही," ती म्हणाली. "बघ तू. दरवर्षी टोपली घेऊन माझ्या दारात येते, मग आम्ही दोघी तळ्यावर जातो. माझं बाळंतपण होतं त्या वर्षीसुद्धा आली होती. या वर्षी नाही यायची." आणि डोळे पुसून एकदम म्हणाली, "बंद कर."

"काय?"

"ते खालचं. लोक लिहितात ते. ती माझ्या अंगणात येऊन पाप करतेय. भोजलीला शिव्या देण्याचं पाप केवढं, माहीत आहे? अंगणच बंद करते, म्हणजे तिला करता येणार नाही. आणि तो आकडा पण झाक. तिला दिसता कामा नये माझे किती गेले."

मी समजावून बघितलं. कोण ऐकतंय? शेवटी तिहारूला बोलावलं. तिहारू म्हणजे माझा चुलत दीर, गावातल्या सगळ्यांच्या व्हिडिओंचा सल्लागार. गळ्यात कायम हेडफोन, कानात कधीच नाही.

"भौजी, कमेंट बंद करणं म्हणजे दुकानाला कुलूप घालणं," तो म्हणाला. "शिव्या देणारेच खरे गिऱ्हाईक. शिव्या पडल्या की रील चालते."

"तू तुझं दुकान चालव," दाई म्हणाली. "हिला शिकव कसं झाकायचं."

मग बसले मी. एकेक रील उघडायची, वरच्या तीन टिंबांवर दाबायचं, आकडे लपवा, कमेंट बंद करा, पुढची. सगळ्या जुन्या रील्सवर एकदम होत नाही, प्रत्येकीला वेगळं. कुकर गेला, पंखा गेला, कोंबड्या गेल्या. अंगठा आखडला माझा. लाईकचा आकडा गेला, बघणाऱ्यांचा गेला, खालची ती सगळी केंवरा केंवरा झाकली गेली. पुसली जात नाहीत ती, नुसती झाकली जातात. परत चालू केलं की जशीच्या तशी हजर होतात. नवीन टाकतानाही आधीच सांगून ठेवायचं, हिचं तोंड बंद आणि हिचा आकडा गुप्त.

झालं म्हणून फोन दाईपुढे धरला. तिला अक्षर कळत नाही, पण आकडा बरोबर कळतो.

"हा काय इथे बसलाय!" ती ओरडली.

"तो तुम्हालाच दिसतोय, दाई. मालकिणीला दिसतोच. बाकी कुणाला नाही."

"मग मला पण झाक."

"तसं होत नाही."

"असं कसं? माझं चॅनल, माझा आकडा, मला नको तर नको!" आणि मग पुढचा पाऊण तास तिने त्या आकड्यालाच फैलावर घेतलं. "सरक. लाज नाही वाटत, लाखालाखाने येऊन बसतोस?" अहो, इतकं सुंदर बोलली. मी ते शूट केलं आणि टाकलं. आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त गेलं. कुणाला दिसलं नाही, पण मला दिसलं.

गावाला मात्र वेडच लागायचं बाकी राहिलं. आकडा दिसत होता तोवर केंवराबाई कुठल्या पायरीवर ते ठरलेलं होतं. आता दिसेना म्हटल्यावर पायरी कशी ठरवायची? कुणी म्हणे एकदम पडले, लाजेने झाकले. कुणी म्हणे इतके वाढले की वरून आदेश आला, झाका म्हणून. पुढच्या आठवड्यात एका साखरपुड्याला सासऱ्यांना कुठे बसवायचं यावर यजमानांच्या घरात वाद झाला. शेवटी त्यांना मांडवाच्या मधोमध एकट्याला खुर्ची दिली, पुढे पण नाही, मागे पण नाही. ते घरी येऊन म्हणाले, "मी दारापाशीच बरा होतो गं."

मग गावातल्या दोघातिघांनीही आकडे झाकले. झाकले की मोठेपणा वाटतो, हे त्यांच्या लक्षात आलं. ज्यांचं कधी पाचपन्नासच्या वर गेलं नाही तेही चौकात गूढ हसायला लागले.

आणि कमेंट करणाऱ्यांचं काय? तोंडं बंद केली म्हणून माणसं थोडीच बंद होतात. रील एकमेकांना पाठवणं चालूच होतं, ते कुठे बंद करता येतं आपल्याला? इनबॉक्समध्ये ढीग साचला, तो मी उघडलाच नाही. एक दिवस दुपारी दुर्गहून एक गृहस्थ बसने आले. रिटायर्ड, डोक्यावर टोपी, हातात केळी. ओटीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कमेंट बंद आहे म्हणून प्रत्यक्ष आलो. दाई, कुकरवाली फार मजेची होती."

"बरं. मग?" दाई म्हणाली.

"एवढंच."

"एवढ्यासाठी दुर्गहून आलात? घरी काम नाही? बायको हाकलते का दुपारी? केळी कुणासाठी, शेळीसाठी?"

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं हो आनंदाने. "मला पण बोलली," असं फोनवर कुणाला तरी सांगत सांगत तो बस थांब्याकडे गेला. त्यानंतर आणखी दोघे आले. दाईने त्यांनाही सोडलं नाही.

आला नाही तो फक्त एक माणूस. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो.

भोजलीदाई तळ्यावर दिसायच्या. "सीताराम भोजली" म्हणायच्या, इतक्या बारीक आवाजात की पाण्यालाही ऐकू जाऊ नये, आणि कळशी उचलून चालू लागायच्या. आधी निदान रोज वाघाच्या तोंडून तरी बोलत होत्या. कढी खारट आहे, पदर मळलाय, शेळी बारीक झाली, रोज काहीतरी. आता तेही नाही. माझ्या सासूला ते लागलं. एका सकाळी ती चुलीपुढे बसून राहिली, दूध उतू गेलं, आणि ती दुधाला एक शब्द बोलली नाही. घाबरलेच मी.

"काय होतंय दाई?"

"मी तिच्यासाठी दार लावलं," ती म्हणाली. "तिला वाटलं, तिच्या तोंडावर लावलं."

"मग सरळ जाऊन सांगा ना."

"काय सांगू? की तूच तो वाघ हे मला ठाऊक आहे? मग तिला मान वर करता येईल का माझ्यासमोर? आणि भोजलीला तोंडावर खोटारडी म्हणू? तेही भांडणच." दाईने उतू गेलेलं दूध फडक्याने टिपलं. "भांडायची सोय नाही आमच्यात. तीच एक सोय नाही."

मी म्हटलं, परत चालू करूया कमेंट. तर म्हणे, नको, पुन्हा पाप करेल. बंद ठेवावं तर अबोला, चालू ठेवावं तर पाप. माझ्या माहेरी दोन बायकांचं बिनसलं तर नळावर एकदा कडकडून भांडतात आणि दुसऱ्या दिवशी एकमेकींकडे वाटीभर साखर मागतात. इथे या दोघींनी एवढी मोठी मैत्री करून ठेवली की तिच्यात साधं भांडायलाही जागा नाही. मला दोघींचा राग आला. खरंच आला.

भोजलीचा दिवस उजाडला. दाईने घरातली टोपली बाहेर काढली, कोंब पिवळेधमक, वीतभर वाढलेले. लुगडं नवं नेसली आणि दारात बसली. गल्लीतून पोरी डोक्यावर टोपल्या घेऊन गात जायला लागल्या. एक घोळका गेला, दुसरा गेला. मी आतून बघत होते. दाई प्रत्येक घोळक्याकडे मान उंचावून बघायची आणि मग टोपलीवरून हात फिरवायची. दुपार कलली. सासरे हळूच म्हणाले, "तू तुझी जाऊन ये." तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते शेळीला पाणी पाजायला निघून गेले.

ऊन उतरलं तेव्हा भोजलीदाई आल्या. डोक्यावर टोपली, इस्त्रीची साडी, आणि चेहरा लाल. दाई उभी राहिली. दोघींच्या मध्ये उंबरा.

"सीताराम भोजली," भोजलीदाई म्हणाल्या, आणि एक श्वास घेतला. "तुझी कढी चुना होती!"

मी स्वयंपाकघराच्या दारात आले.

"सीताराम भोजली," दाई म्हणाली. "तुझ्या ठेठरीने माझी दाढ हलली!"

"सीताराम भोजली, मी वाघ होते!"

"सीताराम भोजली, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं!"

"सीताराम भोजली, मग गप्प का बसलीस, दगडा?"

"सीताराम भोजली, तुझ्याच पापाची काळजी होती मला, म्हशी!"

अहो, काय सांगू. दोघी ओरडत होत्या, आणि दरवेळी आधी नमस्कार. गल्लीतल्या पोरी थांबल्या. तिहारू कुठून तरी उगवला आणि मोबाइल काढला. मी त्याच्या हातावर अशी चापट मारली की हेडफोन खाली पडले. काही गोष्टी रील करण्यासाठी नसतात, हे त्याला तेव्हा कळलं.

"एवढी जळलीस माझ्या आकड्यावर?" दाईने विचारलं. सीताराम म्हणायला विसरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भोजलीदाई एकदम थांबल्या. टोपली खाली ठेवली आणि उंबऱ्यावर मटकन बसल्या.

"आकड्याचं काय करायचंय मला," त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता. "माझं माझ्या घरचे बघतात, मला पुरतं. अगं, ते नाव घेतात ना तुझं."

"कोण?"

"सगळे! कोण कुठले, भिलाईचे, बिलासपूरचे, मिसरूड न फुटलेले. सकाळ-संध्याकाळ तुझ्या नावाने हाका. मी माझ्या जिभेवर ते नाव कधी येऊ दिलं नाही. माझ्या नातीचं तेच नाव ठेवत होते, मी घरात रुसून बसले, म्हटलं ठेवाल तर मी तिला हाक कशी मारू? लग्नात ते केवड्याचं सरबत वाटतात, मी म्हणते, ते पिवळं पाणी द्या. माझे घरचे हसतात मला. इतकं मी सांभाळलं. आणि तो कुणीतरी उठतो, तीनदा लिहितो, हसणारी तोंडं लावतो. फुकटात! मला वाटलं, जाऊन एकेकाच्या कानाखाली वाजवावी. तिथे हात पोचत नाही, म्हणून मग तुलाच बोलत सुटले."

दाईही उंबऱ्यावर बसली, भोजलीदाईंना चिकटून.

"ते बंद झालंय," ती म्हणाली. "कुणी लिहू शकत नाही आता. गोंदियाहिनने सगळं झाकलं."

"मला वाटलं, मलाच झाकलंस."

"सगळ्यांना झाकलं. असंच राहू दे. कायमचं."

"लोक नाराज होतील तुझे."

"होऊ देत. दुर्गहून बसने येतात, त्यांना तोंडावर बोलते मी. खूश होऊन जातात."

भोजलीदाई नाक पुसत हसल्या. दाईने टोपलीतले चार कोंब खुडले आणि त्यांच्या कानावर खोचले. त्यांनीही दाईच्या खोचले. मला वाटलं संपलं, आता तळ्यावर जातील. तर दाईने मला हाक मारली.

"गोंदियाहिन, फोन आण. वर माझं नाव लिहिलंय ना चॅनलला? ते काढून टाक."

लाखो लोक त्या नावाने शोधतात! मी तोंड उघडणार, तेवढ्यात भोजलीदाईच ओरडल्या, "ए, नाही! ते काढायचं नाही!"

"का? तुलाच तर खुपतं."

"लोक बोलतात ते खुपतं. ते लिहिलेलं नाही खुपत." त्या जरा लाजल्यासारख्या झाल्या. "तुझी कढी बघायला येते होय मी रोज? मी पाचवीपर्यंत शिकलेय. मला बोलता येत नाही ते नाव. पण वाचायला कुणी बंदी घातली आहे?"

दाईला स्वतःचं नाव वाचता येत नाही. तिने फोन पुढे केला आणि विचारलं, "कुठे आहे? दाखव."

भोजलीदाईंनी बोट ठेवलं. ओठ मिटलेलेच. पहिल्या अक्षराखालून बोट हळूहळू सरकलं, दुसऱ्याखाली गेलं, तिसऱ्याखाली जाऊन थांबलं. दाई मान वाकवून त्या बोटाबरोबर बघत होती.

"परत दाखव," ती म्हणाली.